ओढलेली चूक

हिंगोलीच्या बाजारात सोनाजी मास्तरांना त्यांच्या नावानं हाक मारणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. सगळे त्यांना पावगुणे मास्तर म्हणायचे. आडनाव वेगळं होतं, पण ते कुणाला आठवतंय! खाजगी मराठी शाळेत ते हिशेब शिकवायचे आणि पेपर तपासताना पाव-पाव गुण द्यायचे, म्हणून पावगुणे. पोरं म्हणायची तसे पोरांचे बापही म्हणायचे, आणि माणिकराव आडते तर तोंडावर म्हणायचे. मास्तर हसायचे. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा यायचा.

तो राग जुना होता. मास्तर म्हणजे कळमनुरीकडचं पोरगं; चौदा-पंधराचं असताना ते हिंगोलीच्या एका आडत दुकानावर हिशेबाच्या नकला उतरवायला बसलं होतं. एकदा मालाचं वजन मांडताना पहिल्याच ओळीत शेरांची एक बेरीज चुकली. त्याखाली भाव लावला तो बरोबर, आडत म्हणजे दलाली कापली ती बरोबर, हमाली वजा केली तीही बरोबर. पण पहिलाच आकडा वाकडा, मग शेवटचा सरळ कुठून येणार? मुनिमानं पान टराटरा फाडलं, कानाखाली एक ठेवून दिली आणि म्हणाला, "सगळं चूक!" पोराला रडू मारापायी आलं नाही. सगळं कुठं चूक होतं? एक चुकलं होतं, बाकी सगळं बरोबर होतं. हे सांगायला त्याला तोंड नव्हतं, आणि असतं तरी मुनिमाला कान नव्हते.

तर असा माणूस पुढं मास्तर झाला. मास्तर झाल्यावर त्यानं काय करावं? त्यानं एक किल्ली बनवली. कुलपाची नव्हे हो, गुणांची. हिशेबाचं लांबलचक उदाहरण असलं की त्याच्या पायऱ्या पाडायच्या आणि एकेका पायरीला गुण बांधून ठेवायचे. वजनाची बेरीज केली, त्याचे इतके. भाव लावून किंमत काढली, त्याचे इतके. आडत काढली, हमाली काढली, निव्वळ रक्कम काढली, आणि शेवटी रोजमेळात जमा कुठं अन् नावे कुठं ते मांडलं, त्याचे इतके. जी पायरी चुकली तिथंच कापायचं. खालच्या पायऱ्यांवर तोच चुकीचा आकडा धरून पोरानं रीत बरोबर चालवली असेल, तर खाली एक पैही कापायची नाही. मास्तर याला 'ओढलेली चूक' म्हणायचे. "वड्याचं तेल वांग्यावर काढायचं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मूळ चूक जिथं झाली, तिथं एकदा कापा. ओढत आणली तिला पुन्हा मारू नका."

माणिकराव आडते यावर पान थुंकून म्हणायचे, "मास्तर, बाजारात पाऊण बरोबर असं काही नस्तं बघा. पट्टी जुळली तर जुळली, न्हाई तर न्हाई."

"बाजार बाजार हाय, शाळा शाळा हाय," मास्तर म्हणायचे. "शिकणाऱ्याला कुठं चुकलं ते कळलं तर तो सुधरंल. सगळंच चूक म्हणलं की तो घरी जाऊन मेंढरं वळंल."

घरी शालूबाई म्हणायच्या, "तुमच्या पावगुणांनी घरात पावशेर तेल येत न्हाई, तेवढं बघा." पण नवऱ्याची ही किल्ली त्यांनाही आवडायची. भाकरी करपली तर त्या स्वतःच म्हणायच्या, "पीठ चांगलं मळलं व्हतं, त्याचे गुण द्या."

असं हे हसतखेळत चाललं होतं. मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं आणि हसणं बाजारातून उठून गेलं.

त्या साली हिंगोलीत माणसं बोलताना आधी मागं बघायची. सरहद्दीपलीकडं, वऱ्हाडात, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावण्या पडल्या होत्या. अलीकडं रझाकार बंदुका घेऊन फिरत होते. कोण रात्रीतून पलीकडं गेला, कुणाला धरून नेलं, कुणाचं घर जाळलं, हे सगळं कुजबुजीनं कळायचं आणि खरं निघायचं. अशात निजाम सरकारनं धान्याची लेव्ही लावलेली. शेतकऱ्यानं पिकाचा ठरलेला वाटा सरकारी गोदामात नेऊन घालायचा आणि पावती घ्यायची. पावती नसली तर मग दारात जीप उभी राहायची. गावोगावची गोदामं सांभाळायला कारकून हवे होते, म्हणून कचेरीनं हिशेबाची परीक्षा ठेवली. गावच्या पावत्या मराठीत, म्हणून पेपर मराठीत. आणि पेपर काढायचा, तपासायचा मास्तरांनी.

वसुलीचे साहेब मोठे शांत माणूस होते. आवाज कधी चढायचा नाही. मास्तरांनी आपली किल्ली पुढं ठेवली तेव्हा त्यांनी ती दोनदा नीट वाचली.

"यानी के गलती एक दफा कटेगी," साहेब म्हणाले, "और जहाँ से शुरू हुई, वहीं कटेगी?"

"जी साहेब."

"अच्छा उसूल है." त्यांनी खाली सही केली. मास्तरांना त्या दिवशी केवढा आनंद झाला! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मोठ्या माणसानं त्यांची किल्ली बघून नाक मुरडलं नव्हतं. बाजारातून येताना त्यांनी शालूबाईंसाठी बांगड्या घेतल्या.

पेपर झाला. पाच उदाहरणं, प्रत्येकी वीस गुण, आणि साठाला पास. तपासता तपासता मास्तरांच्या हातात मसाजीचा पेपर आला.

मसाजी कुरुंद्याच्या अंगाला असलेल्या एका वाडीचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, बाप नसलेला. दोन वर्षं मास्तरांच्या शाळेच्या ओसरीवर झोपून शिकलेला. अक्षर टपोरं, आकडे ओळीत. तिसरं उदाहरण असं होतं: आडतीवर एका शेतकऱ्याची तीन हजार शेर ज्वारी आली. भाव पल्ल्याला तीस रुपये. आडत शेकडा दोन, हमाली पल्ल्याला चार आणे. शेतकऱ्याच्या खाती किती जमा होईल ते काढा आणि रोजमेळ मांडा.

आता पल्ला म्हणजे तीन मण, एकशेवीस शेर. हे हिंगोलीच्या बाजारातलं कुत्रंसुद्धा जाणतं, म्हणून तर मास्तरांनी शाळेत ते कधी वेगळं शिकवलंच नव्हतं. तीन हजार शेरांचे पंचवीस पल्ले. मसाजीनं तीस पल्ले केले होते. पल्ला त्यानं शंभर शेरांचा धरला होता.

मास्तरांनी जिभेनं 'च्' केलं आणि पहिल्या पायरीचे तीन गुण कापले. मग खाली आले. तीस पल्ले, तीस रुपयांनी नऊशे. रीत बरोबर, चार गुण. नऊशेवर शेकडा दोन आडत, अठरा रुपये. बरोबर, तीन गुण. हमाली तीस पल्ल्यांची साडेसात रुपये, तीन गुण. नऊशेतून साडेपंचवीस वजा, राहिले आठशे चौऱ्याहत्तर रुपये आठ आणे. तेही तीन. खाली घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावे नऊशे. शेतकऱ्याचे, आडतीचे आणि हमालीचे जमा. तिन्हीची बेरीज नऊशे, जमा आणि नावे दोन्ही बाजू चोख जुळलेल्या. चार गुण. खरं उत्तर सातशे अठ्ठावीस रुपये बारा आणे होतं. उत्तर दीडशे रुपयांनी चुकलेलं आणि पोराला वीसातले सतरा!

मास्तर खूश झाले. हेच तर ते आयुष्यभर म्हणत आले होते. तांबड्या शाईनं त्यांनी समासात लिहिलं, 'पल्ला शंभर धरला. चूक ओढली. एकदाच कापले.'

पण पाचवं उदाहरण काढलं आणि त्यांचा हात थांबला. तिथंही पल्ला शंभराचाच. तिथंही खाली सगळं चोख.

घसरलेला पाय आणि वाकडा पाय यांत फरक असतो. एकदा चुकला तर हात घसरला म्हणावं. दोनदा तेच म्हणजे पोराला ठाऊकच नाही. मास्तरांच्या किल्लीत घसरलेल्या पायाला औषध होतं, वाकड्या पायाला खूण नव्हती. चूक कुठं झाली ते ती दाखवायची. ती कशानं झाली, ते विचारायला तिच्यात जागाच नव्हती. मास्तर कितीतरी वेळ लेखणी धरून बसले. नियम नियम आहे. पाचव्यातले पंधरा दिले. बाकीच्या तीन उदाहरणांत पोराचे तीसच गुण होते. सगळे मिळून बासष्ट झाले. मसाजी पास! किल्ली नसती तर तीसवर आपटला असता.

आता भेटला की सांगू, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं. आणि इथंच घोटाळा झाला. कचेरीच्या परीक्षेचे पेपर परत मिळत नसत. पास झालेल्यांची नावं भिंतीवर लागायची आणि संपलं. समासातली ती तांबडी ओळ ज्याच्यासाठी होती, त्याला ती कधी दिसलीच नाही. मसाजीला भिंतीवर आपलं नाव दिसलं, आणि पास झालो म्हणजे सगळं बरोबर होतं, असं त्या बिचाऱ्यानं धरलं. कुणीही तेच धरलं असतं.

आठवड्याच्या बाजाराला मसाजीची माय पंचफुलाबाई मास्तरांच्या दारी आली. डोक्यावर गाठोडं. त्यात हुलगे आणि एक नवी घोंगडी. शालूबाईंनी पाणी दिलं.

"मास्तर, माझं लेकरू तुमी माणसात आणलं," ती म्हणाली. "कुरुंद्याकडच्या गोदामावर लावलं त्येला. परवाच गेला."

"गेलाही?" मास्तर चरकले. "माझी गाठ पडली असती तर बरं व्हतं. बाई, तुमच्याकडं पल्ला कितीचा धरत्यात?"

"पल्ला?" पंचफुलाबाई हसली. "पंचवीस पायलीचा की. समद्यांचाच तसा आसंल."

"पंचवीस? अवो, तीस पायली. पायली चार शेराची. तीस चोक एकशेवीस."

"आमच्यात शीग लावून मोजत्यात, मास्तर. सपाट मापून द्यायला आमी काय कंजूस हाय का?" तिनं हाताची ओंजळ उंच करून दाखवली. "शिगंच्या पंचवीस पायल्या म्हंजी पल्ला. माझ्या सासऱ्यापासनं हेच चालून राहिलं."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाडीतल्या पंचवीस शिगोशीग पायल्या म्हणजे बाजारातल्या तीस सपाट पायल्याच. धान्य तेवढंच. पण मसाजीनं कागदावर मांडताना शीग कुठं लिहावी? त्यानं पंचवीस गुणिले चार केलं, शंभर आले. शीग वाडीतच राहिली आणि आकडा तेवढा परीक्षेला आला!

"बाई, त्याला एकदा माझ्याकडं पाठवा. लवकर पाठवा."

"पाठवते की," ती म्हणाली. पण गोदामाची नोकरी, वसुलीचे दिवस, पाठवणार कसा? मास्तरांनी मनाची समजूत घातली, की गोदामात कुणीतरी जाणतं असेल, सांगेल त्याला. माणूस स्वतःला किती सहज फसवतो बघा. हुलग्याचं माडगं मात्र दोन्ही वेळा गोड लागलं.

चैत्र गेला. वैशाखात हळदीच्या बाजारात कुरुंद्याचे संपतराव भेटले. जुन्या ओळखीचे शेतकरी, बोलायला मोकळे. मास्तरांना बाजूला ओढून खाली आवाजात म्हणाले, "तुमचं ते मसाजी पोरगं लई गुणाचं हो. त्येच्या हाताला बरकत हाय."

"कशी काय?"

"माझ्यावर पाच पल्ले लेव्ही. म्या सहाशे शेर ज्वारी गाडीत भरून नेली. त्येनं पाचशे शेर तोलून घेतली, पाच पल्ल्याची पावती फाडली, न् शंभर शेर परत दिली. म्हणला, काका, हे जास्तीचं हाय. आंधळा मागतो एक डोळा, अन् देव देतो दोन! साऱ्या गावांचं तसंच हून राहिलं."

हळदीच्या ढिगाला टेकून मास्तर खाली बसले. बाजार पिवळा पिवळा फिरू लागला. त्यांना समोर गोदामाचं पान दिसत होतं. दर सहाशे शेरांना कागदावर सहा पल्ले, आणि ज्या दिवशी कुणी वरचा माणूस काटा लावेल त्या दिवशी पाच. सहा हजार शेर आले असतील तर पावत्यांत साठ, कोठीत पन्नास. दहा पल्ले ज्वारी कुठं गेली, म्हणून विचारतील. आणि या दिवसांत कमी पडलेलं धान्य कुठं गेलं असं विचारणारा, उत्तरही स्वतःच देतो: सरहद्दीवरच्या छावणीत.

"संपतराव, पोरगं चुकून राहिलं हो!" त्यांनी सगळं सांगितलं.

संपतरावांचं तोंड उतरलं. मग त्यांनी मास्तरांचा दंड घट्ट धरला. "गप ऱ्हावा, मास्तर. गावांचं भलं हून राहिलं. तुमी तोंड उघडलं तर समद्या पावत्या खोट्या पडतील. मग दारात कोण येतंय ते तुमाला ठावं हाय न्हवं?"

मास्तर गप्प राहिले. मसाजीला निरोप धाडावा तर तो तोंडी कुणाच्या हाती? लिहून धाडावा तर वाटेत कुणी वाचला तर? शाळेत त्यांचं लक्ष लागेना. पोरांचे पेपर तपासताना 'चूक ओढली' लिहायला गेले की शाई वाळायची आणि हात तसाच राहायचा. शालूबाईंनी दृष्ट काढली. दृष्ट काढून उतरायला तो ताप होता थोडाच!

आणि मग काटा लागलाच. वरून तपासणी आली, कोठी पुन्हा तोलली, आणि पावत्यांच्या मानानं सहावा हिस्सा ज्वारी कमी. मसाजीला गोदामातच धरलं आणि हिंगोलीला आणून कचेरीच्या मागच्या खोलीत कोंडलं. बाजारात बातमी पोचली ती आरोपासकट: गोदामाच्या कारकुनानं ज्वारी छावणीला विकली. त्या साली या आरोपाला कोर्ट लागत नव्हतं. गावाबाहेर नेलेली माणसं परत यायची नाहीत, आणि त्यांच्याबद्दल विचारायला गेलेलीही कधीकधी यायची नाहीत.

पंचफुलाबाई मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"मास्तर, त्येनं एक दाणा उचलला न्हाई. तुमी त्येला वळखता. तुमी साहेबाला सांगा."

मागून माणिकराव आडते आले होते. ते म्हणाले, "मास्तर, जाऊ नका. म्या तुमची चेष्टा करत आलो, पण आज शहाणपणाचं सांगतो. सही तुमची हाय त्या निकालावर. आगीत हात घालून निखारा काढायचा अन् हाताला म्हणायचं जळू नको, असं होत नस्तं."

शालूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला सुळी, असे दिवस हायती हे. तुमी काहून जाता?" आणि नवऱ्याचं तोंड बघून स्वतःच उठल्या, खुंटीवरची टोपी काढून दिली. "जा मग. पण नीट बोला. मास्तरकी करू नका तिथं."

मास्तरांना भीती वाटत होती. खोटं कशाला सांगा? पण खोलीत कोंडलेल्या पोराचा सारा गुन्हा आपल्या समासातल्या एका ओळीत मावतो, हे त्या पोरालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या मास्तरांना. मग जायचं दुसऱ्या कुणी?

साहेब खिडकीपाशी बसले होते. शांतच. मास्तरांनी हात जोडून विनंती केली की परीक्षेचे पेपर काढावेत. पेपर दप्तरात होते, मागवले. मास्तरांनी मसाजीचं तिसरं आणि पाचवं उदाहरण उघडून ठेवलं आणि बोट लावून सगळं उलगडून सांगितलं. पल्ला एकशेवीसचा, यानं शंभरचा धरला. परीक्षेतही, गोदामातही. शीग काय, सपाट काय, पंचवीस पायली काय, तीस काय. "साहेब, चोरी करणारा नोकरी लागायच्या आधीच परीक्षेत चोरी मांडून ठेवील का? आता हिशेब करा. पावत्यांचे पल्ले शंभरानं गुणा. जितके शेर येतील तितके कोठीत असतील. एक शेर कमी निघाला तर मला फाशी द्या."

साहेबांनी कागद घेतला. पावत्यांची बेरीज शंभरानं गुणली, काट्याचे शेर शेजारी मांडले. उंदीर-घुशीचं सोडलं तर आकडे जुळले.

"लड़का चोर नहीं है," ते म्हणाले.

मास्तरांनी केवढा तरी श्वास सोडला. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

"मगर मास्टरजी," साहेब पेपरावरून बोट फिरवत समासाशी आले, "ये लाल सियाही किसकी है?"

"माझी, साहेब."

"आपको मालूम था, के इसको पल्ला मालूम नहीं."

मास्तरांनी 'होय' म्हणून मान हलवली.

"फिर भी पास किया. और गोदाम में भिजवाया. इतने गाँवों ने छठा हिस्सा कम दिया, और सबके पास पक्की रसीद!" साहेबांचा आवाज अजूनही चढला नव्हता. त्यांनी पेपराखालून तो सही केलेला कागद काढला, मास्तरांची किल्ली. "आप ही का उसूल है. गलती जहाँ से शुरू हुई, वहीं कटेगी. आगे वाले का क्या कसूर? वो तो बराबर चला."

आयुष्यभर मास्तरांनी हे वाक्य पोरांना वाचवायला वापरलं होतं. ते असंही चालतं, हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. पण नियमात चूक दाखवायला जावं तर चूक कुठंच नव्हती. मूळ पायरी तेच होते.

"लड़के को छोड़ दो," साहेबांनी शिपायाला सांगितलं. "मास्टरजी यहीं बैठेंगे. शाम को परभणी जेल भेजना है." मग दुसऱ्या माणसाकडं वळून ते म्हणाले, "और कल से वो सब गाँव लो. रसीद देखो, हर पाँच पल्ले पे सौ सेर और वसूल. जो ना दे, उसका नाम लिखो."

"साहेब, गावांची चूक न्हाई!" मास्तर उभेच राहिले. "ते तर नेऊन राहिले व्हते. त्यांना परत दिलं. ही ओढलेली चूक हाय, साहेब, त्यांचं काहून कापता?"

"अनाज तो कम है ना?" साहेब म्हणाले, आणि दुसरे कागद ओढून कामाला लागले.

शिपायानं मास्तरांना खिडकीखालच्या बाकावर बसवलं. संपतरावांचं तोंड त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. एका पोराला सोडवायला आलो आणि साऱ्या गावांच्या दारी जीप लावून बसलो. न यावं तर पोरगं जातं, यावं तर गावं जातात. आणि दोन्हीची सुरुवात बघावी तर एका दुपारी लेखणी धरून बसलेला आपला हात. त्यांनी तो हात मांडीखाली घेतला. बाहेर अंगणात गडबड ऐकू आली. मागची खोली उघडली होती.

पंचफुलाबाईनं लेकराला धरलं असावं. आता मात्र ती मोठ्यानं रडत होती. मसाजीचा आवाज बसलेला होता. "मास्तर कुठं हाय, माय? मास्तरला काहून बसवलं?"

"मला काय कळतंय त्यातलं! चल. पैले हितून चल."

"मला समदे चोर चोरच म्हणून राहिले. काय चुकलं ते कुणी सांगतच न्हाई." बैलगाडी जुंपल्याची घुंगरं वाजली. मग पोरगं खिडकीच्या अगदी खाली आल्यासारखं वाटलं. "माय, पल्ला शंभर शेराचाच आस्तो न्हवं?"

"आस्तो की. आपल्यात तसाच आस्तो. चल."

मास्तर ताडकन उठले. "मसाजी! अरं, एकशे..."

"बैठो," म्हणून शिपायानं त्यांच्या छातीवर काठी आडवी धरली आणि त्यांना बाकावर खाली दाबलं. दुसऱ्यानं खिडकी लावून घेतली. गाडी फाटकातून बाहेर पडत होती.